अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा: डीएस-१६० मधला सोशल मीडियाचा प्रश्न आणि आपली जुनी प्रोफाइल्स

माझी मावसबहीण फेसबुकवर २०१५ पासून मॅरिड होती. नवरा कोण, तर नववीत तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण. तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरींनी असंच केलेलं, नंतर सगळ्या इन्स्टाग्रामवर गेल्या आणि ते तसंच राहिलं. शिवाय ‘फॅमिली मेंबर्स’मध्ये तिला तीन बहिणी होत्या, तिन्ही मैत्रिणी, त्यातली एक आता लग्न होऊन न्यू जर्सीला. आणि इकडे व्हिसाच्या फॉर्ममध्ये बाईसाहेब सिंगल, अमेरिकेत सख्खं भावंड कुणी नाही. दोन्ही उत्तरं खरी होती, पण बाहेरून बघणाऱ्याला हे कसं कळणार?

ती मूळची सांगलीची, शिकली पुण्यात, आणि २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईला एफ-१ च्या, म्हणजे स्टुडंट व्हिसाच्या, इंटरव्ह्यूला गेली. त्याआधी एक अख्खा रविवार आम्ही दोघी वही घेऊन बसलो होतो, त्या रविवारी जे जे केलं तेच इथे क्रमाने लिहितेय. हे सगळं अमेरिकेच्या व्हिसाबद्दल आहे, दुसऱ्या देशांचे नियम वेगळे.

आधी थोडक्यात, हे आलं कुठून. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये सोशल मीडियाचा प्रश्न २०१९ च्या मे महिन्याच्या शेवटापासून आहे, म्हणजे तो काही नवा नाही, लोक तो पूर्वी गंभीरपणे घेत नव्हते एवढंच. २०२५ च्या मे अखेरीस स्टुडंट व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवल्या, १८ जूनला परत सुरू करायचं जाहीर झालं आणि त्याबरोबर एफ, एम आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्सचेंजच्या व्हिसावाल्यांना सांगितलं गेलं की सगळी प्रोफाइल्स पब्लिक ठेवा. त्याच महिन्यात दिल्लीच्या दूतावासाने स्पष्ट सांगितलं की मागच्या पाच वर्षांत वापरलेली सगळी हँडल्स फॉर्ममध्ये द्या, माहिती गाळली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढेही अपात्र ठरू शकता. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी हे नोकरीच्या व्हिसावाले आणि एच-४ हे त्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावालेही यात आले. तुमचा व्हिसा यातल्या कुठल्याच अक्षरात बसत नसेल तर दूतावासाच्या साइटवर आपल्या प्रकाराचं काय लिहिलंय ते अर्ज भरायच्या दिवशी बघा, कारण हे बदलत असतं.

पायरी १: फॉर्म उघडायच्या आधी अकाउंटची यादी

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आठवून लिहायला बसलं की माणूस तीन नावं लिहितो, इन्स्टा, फेसबुक, लिंक्डइन, झालं. बहिणीनेही तीनच लिहिली होती, संध्याकाळपर्यंत आठ झाली.

शोधायचं कसं? एक, क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करायची सवय असेल तर passwords.google.com उघडा, तिथे साइटवार यादीच मिळते. दोन, जीमेलमध्ये प्लॅटफॉर्मचं नाव टाकून सर्च करा, अकाउंट उघडल्याचं सगळ्यात जुनं मेल सापडतं, आणि हे कॉलेजच्या आणि शाळेतल्या जुन्या मेल आयडीवरही करा, पहिलं फेसबुक बहुतेकांचं त्याच आयडीवर असतं. तीन, मोबाईल नंबर. ज्या जुन्या नंबरवर अकाउंट काढलं होतं तो आठवा, कारण मागच्या पाच वर्षांतले फोन नंबर आणि ईमेल आयडीसुद्धा फॉर्म विचारतोच, मग दोन्ही कामं एकदमच होतात.

वहीत रकाने आखा: प्लॅटफॉर्म, नेमकं हँडल, कधीपासून कधीपर्यंत वापरलं, चालू आहे की बंद. डिलीट केलेलं किंवा डीॲक्टिव्हेट केलेलं अकाउंटही पाच वर्षांच्या आत वापरलेलं असेल तर लिहायचंच, कारण प्रश्न ‘वापरलं का’ असा आहे, आज चालू आहे का असा नाही. दोन इन्स्टा असतील तर दोन्ही. मित्रांसाठी काढलेलं गुपचूपवालं, मीमचं, रेडिटवर खोट्या नावाने काढलेलं, तेही. बहिणीचं एक मेंदीचं इन्स्टा पेज होतं, तिला वाटलं ते ‘बिझनेस’ आहे म्हणून द्यायची गरज नाही. सूट आहे ती एखाद्या कंपनीत किंवा संस्थेत अनेक जण मिळून वापरतात त्या अकाउंटला, एकटीने चालवलेल्या पेजला नाही.

हँडल म्हणजे काय यातही गोंधळ होतो. वर दिसणारं नाव म्हणजे हँडल नव्हे. फेसबुकवर प्रोफाइल उघडून ॲड्रेस बारमध्ये facebook.com/ च्या पुढे जे येतं ते, लिंक्डइनवर linkedin.com/in/ च्या पुढचं, इन्स्टा आणि एक्सवर युजरनेम. हाताने टाइप करू नका, तिथूनच कॉपी करा. एका अंडरस्कोअरने अकाउंट दुसऱ्याच कुणाचं होतं आणि मग त्या अनोळखी माणसाच्या पोस्ट तुमच्या नावावर.

पायरी २: फॉर्ममधलं ते पान

ceac.state.gov वर डीएस-१६० सुरू केला की AA00 ने सुरू होणारा ॲप्लिकेशन आयडी मिळतो, तो आणि सिक्युरिटी प्रश्नाचं उत्तर आधी वहीत लिहा, कारण साधारण वीस मिनिटं काही केलं नाही तर सेशन तुटतं.

सोशल मीडियाच्या पानावर प्लॅटफॉर्मची ठरलेली यादी येते. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, ट्विटर, यूट्यूब, रेडिट, पिंटरेस्ट आहेत आणि काही चिनी नि रशियन नावंही. एक निवडायचं, शेजारी हँडल टाकायचं, दुसऱ्यासाठी Add Another. पासवर्ड कुठेही विचारत नाहीत, उलट देऊ नका असं तिथेच लिहिलंय, त्यामुळे कुणी एजंट पासवर्ड मागायला लागला तर तो त्याच्या सोयीसाठी मागतोय.

यादीखाली अजून एक हो-नाही प्रश्न आहे, यादीत नसलेल्या इतर साइट किंवा ॲपवर तुम्ही फोटो, व्हिडिओ, स्टेटस वगैरे टाकत असाल तर ती माहिती द्यायची आहे का. बहिणीचं तिथे एक स्नॅपचॅट होतं, ते दिलं. आपलं नावच लपवायचं नसेल तर देऊन मोकळं व्हावं, असं माझं मत.

आणि None हा पर्याय. तो फक्त यादीतलं खरोखर एकही वापरलं नसेल तर. बहिणीच्या वर्गातल्या एका मुलाचा फॉर्म एजंटने भरलेला, आणि त्याने वेळ वाचवायला तिथे सरळ None टाकलं होतं. मुलाला पत्ताच नाही, कारण हातात फक्त बारकोडचं कन्फर्मेशन पेज आणि त्यावर उत्तरं नसतात. उत्तरं बघायची तर Print Application करून पूर्ण फॉर्म काढावा लागतो. त्याने तो इंटरव्ह्यूच्या आठवडाभर आधी सहज काढला म्हणून सापडलं. फॉर्म कुणीही भरो, शेवटी सही तुमची असते, आणि कुणी मदत केली का हाही प्रश्न सहीच्या पानावर आहे, तिथे एजंट असेल तर ‘हो’ म्हणायचं. मुद्दाम खोटी माहिती दिली असं ठरलं तर कलम २१२(ए)(६)(सी) लागतं, आणि ते एका अर्जापुरतं नसतं, कायमचं मागे लागतं.

पायरी ३: फॉर्म आणि प्रोफाइल शेजारी ठेवून वाचा

क्रम नीट समजून घ्या. आधी कागद, मग फॉर्म, मग प्रोफाइल. म्हणजे ऑफर लेटर, एक्सपीरियन्स लेटर, मार्कशीट यावर ज्या तारखा आहेत त्या फॉर्ममध्ये, आणि फॉर्ममध्ये आहेत त्याच लिंक्डइनवर. लिंक्डइनवर छान दिसतंय म्हणून फॉर्म तसा भरायचा, हे उलटं झालं.

बहिणीचं लिंक्डइन असं होतं: सॉफ्टवेअर इंजिनियर, जानेवारी २०२३ ते प्रेझेंट. प्रत्यक्षात काय, तर शेवटच्या सेमिस्टरला जानेवारी ते जून २०२३ स्टायपेंडवर इंटर्नशिप, जुलै २०२३ पासून त्याच कंपनीत नोकरी, आणि ती ३१ मार्च २०२५ ला सोडलेली. एका ओळीत तीन लोचे. इंटर्नशिपला नोकरी म्हटलंय, शिक्षण आणि नोकरी एकमेकांवर चढलीय, आणि सोडलेली नोकरी चालू दाखवलीय. यात फसवायचा हेतू काही नव्हता, रिक्रुटरसाठी सगळे असंच लिहितात. पण फॉर्ममध्ये ती ‘नॉट एम्प्लॉइड’ होती, आणि ऑफिसरने लिंक्डइन उघडलं तर पहिला प्रश्न हाच की मग खरं काय.

आम्ही लिंक्डइनवर दोन नोंदी केल्या, इंटर्न जानेवारी ते जून २०२३, इंजिनियर जुलै २०२३ ते मार्च २०२५. इंटर्नशिपचं लेटर होतं म्हणून फॉर्मच्या आधीच्या नोकऱ्यांमध्ये तीही वेगळी टाकली. असंच एकेक फील्ड घेत गेलो. फेसबुकचा ‘अबाउट’ हा भाग तर सोन्याची खाण आहे, तिथे दहा वर्षांपूर्वीची गंमत जशीच्या तशी पडलेली असते: ‘वर्क्स ॲट फेसबुक’, गाव लंडन, जन्मसाल दोन वर्षं आधीचं कारण अकाउंट काढायला वय पुरत नव्हतं. जन्मतारीख, लग्न, भावंडं, राहण्याचं गाव, शिक्षण, नोकरी, हे सगळं फॉर्ममध्येही आहे, तेव्हा ओळीने जुळवा. खोटा नवरा आणि तीन बहिणी तेव्हाच उडवल्या.

मग फिरणं. पाच वर्षांत कुठल्या देशात गेलात हे फॉर्म विचारतो. बहिणीने ‘नाही’ लिहिलं होतं आणि इन्स्टाच्या हायलाइटमध्ये दुबई. ताई, ते तर चार दिवसच होतं ना, म्हणे. चार दिवस असो की चार महिने, गेलात तर लिहा. इथे प्रोफाइल बरोबर होतं आणि फॉर्म चुकला होता, म्हणून ही तपासणी सबमिट करायच्या आधी करायची.

आता मेंदीचं पेज. बायोमध्ये लिहिलेलं: ‘ऑगस्टपासून डॅलसमध्ये! बुकिंग सुरू’. हे मात्र साधं न जुळणं नव्हतं. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, बाहेर परवानगीशिवाय पैसे घेऊन काम नाही, स्वतःचा छोटा धंदाही नाही. म्हणजे ती जाण्याआधीच जाहीर करत होती की मी नियम मोडणार. हे नुसतं बायोतून पुसून चालत नाही, आम्ही बायो बदलला आणि तिने घेतलेल्या दोन बुकिंगही खरोखर रद्द केल्या, ॲडव्हान्स परत केला. सांगलीत घेतलेल्या ऑर्डरींचे फोटो तसेच राहू दिले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पायरी ४: पब्लिक करणं, आणि ते झालंय का हे बघणं

इन्स्टावर अकाउंट प्रायव्हसीमध्ये प्रायव्हेटचं बटण बंद, एक्सवर पोस्ट प्रोटेक्ट केलेल्या असतील तर ते काढा, लिंक्डइनवर पब्लिक प्रोफाइलची दृश्यता चालू. हे सोपं आहे. अडकतं ते फेसबुकवर, कारण आपल्याकडे बऱ्याच मुलींनी प्रोफाइल लॉक लावलेलं असतं. ते आधी काढायचं. पण लॉक काढलं म्हणजे जुन्या पोस्ट आपोआप पब्लिक झाल्या असं धरू नका, दोन-चार उघडून त्यांच्याखालची खूण बघा, पृथ्वीचं गोल चिन्ह की दोन डोकी.

तपासायची खरी पद्धत म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत लॉगिन न करता लिंक उघडा. इन्स्टा बऱ्याचदा लॉगिन मागतं, तिथे तुम्हाला फॉलो न करणाऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बघा, आम्ही शेजारच्या काकूंच्या फोनवरून बघितलं, काकूंनी तेवढ्यात तीन वर्षांचे फोटो बघून घेतले ते वेगळं.

पब्लिक म्हणजे सगळंच उघड असं नाही. फोन नंबर, घरचा पत्ता, पासपोर्टचा किंवा बोर्डिंग पासचा फोटो, डीएस-१६० चं बारकोडवालं पान, हे उडवा किंवा लपवा, ती माहिती फॉर्ममध्ये दिलेलीच आहे, जगाला द्यायची गरज नाही. प्रोफाइल पब्लिक झाल्या झाल्या अनोळखी रिक्वेस्ट आणि ‘तुमचा व्हिसा अडकलाय, पैसे भरा’ छापाचे मेसेज येतात, बहिणीला दोन दिवसांत चार आले. मेसेज रिक्वेस्ट आणि टॅगिंगची सेटिंग कडक ठेवा, कुणी टॅग केलं तर आधी तुम्हाला विचारलं जाईल असं करून ठेवा.

पायरी ५: काय काढायचं, काय नाही

इथे लोक घाबरून अख्खं अकाउंटच उडवतात. मला हे पटत नाही. हँडल तर फॉर्ममध्ये द्यावंच लागणार, मग तिथे गेल्यावर काहीच नाही, किंवा मागच्या आठवड्यात सगळं रिकामं केलेलं, हे उलट जास्त डोळ्यात भरतं, आणि दुसऱ्यांनी टाकलेले टॅग, शेअर, स्क्रीनशॉट राहतातच. खोटी माहिती दुरुस्त करा, नंबर-पत्ते काढा, बाकी लग्नाचे आणि ट्रेकचे फोटो राहू द्या.

ते बघतात काय? जाहीर झालेला भाग असा की देशाच्या सुरक्षेला धोका असलेले आणि नियमाने अपात्र असलेले अर्जदार ओळखायचे. दूतावासांना गेलेल्या सूचनांबद्दल २०२५ मध्ये बातम्या आल्या, त्यात अमेरिकेचे नागरिक, सरकार, संस्था यांच्याबद्दल वैरभाव, दहशतवादाला पाठिंबा, ज्यूंविरुद्ध छळ किंवा हिंसा, असे मुद्दे होते. एच-१बी वाल्यांच्या बाबतीत लिंक्डइन आणि रेझ्युमेमध्ये कंटेंट मॉडरेशन, फॅक्ट-चेकिंगसारखी कामं बघायला सांगितल्याचं आलं होतं. राजकीय मत ठेवायचं की काढायचं हा ज्याचा त्याचा निर्णय, मी त्यात सल्ला देणार नाही, फक्त इतकंच की जे आहे त्यावर विचारलं तर सरळ उत्तर देता आलं पाहिजे.

आपली वेगळी अडचण म्हणजे मराठी. ऑफिसर मशीनने भाषांतर करून वाचत असेल तर आपली बोलण्याची पद्धत तिथे पोचत नाही. बहिणीच्या भावाने मॅच जिंकल्यावर टाकलेलं, ‘आज नुसता राडा, जाळ आणि धूर संगटच!’ आणि तिला टॅग. भाषांतरात ते दंगल आणि आग होऊन बाहेर आलं, मी स्वतः करून बघितलं. असली एखादी पोस्ट असेल तर भाषांतराचं बटण दाबून काय दिसतं ते बघा, फारच विचित्र दिसत असेल तर टॅग काढा. त्यापेक्षा त्याची दुसरी पोस्ट मला जास्त खटकली, विमानाचं चित्र आणि ‘ताई चालली कायमची अमेरिकेला’. लाडाने लिहिलेलं, पण एफ-१ ला कलम २१४(बी) खाली हेच दाखवायचं असतं की शिकून परत यायचा इरादा आहे. त्याला फोन करून ती काढायला लावली.

पायरी ६: सबमिट केल्यावर चूक सापडली तर

सबमिट केलेला डीएस-१६० दुरुस्त होत नाही. आयडी, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मसाल आणि सिक्युरिटी उत्तर देऊन जुना उघडायचा, त्यावरून नवा अर्ज तयार करायचा, बरीचशी माहिती आपोआप येते, चूक सुधारून परत सबमिट. आता बारकोड नवा. तो usvisascheduling.com वरच्या तुमच्या अपॉइंटमेंटला जोडलाय का बघा, जुना नंबर तिथे राहिला तर मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत ऐन वेळी अडवू शकतात. म्हणून हे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्रीवर टाकू नका, बायोमेट्रिकला जायच्या आधीच उरका. त्या None वाल्या मुलाने हेच केलं आणि खिडकीवर विचारण्याआधी स्वतः सांगितलं की आधीचा फॉर्म चुकला होता, हा नवा बरोबर आहे.

पायरी ७: खिडकीवर आणि नंतर

बहिणीचा इंटरव्ह्यू तीनेक मिनिटांचा. युनिव्हर्सिटी हीच का, पैसे कोण देणार, आणि मार्चनंतर काय करतेस. तिने सांगितलं, नोकरी सोडून प्रवेशाची तयारी, घरी मेंदीच्या थोड्या ऑर्डर. लिंक्डइनही हेच सांगत होतं. मग हातात २२१(जी) ची स्लिप.

ही स्लिप बघून रडू नका. त्याचा अर्थ अजून तपासणी बाकी आहे किंवा काहीतरी हवंय. नीट वाचा, प्रोफाइल पब्लिक करा असं लिहिलं असेल तर त्याच दिवशी करा, कागद मागितले असतील तर सांगितलेल्या मार्गाने द्या. मागितलेलं द्यायला एक वर्ष असतं, नंतर नवा अर्ज आणि नवी फी. सीईएसीवर स्टेटस बघाल तर तिथे ‘Refused’ असं दिसेल, २२१(जी) मध्ये तसंच दिसतं, तो शेवटचा नकार नव्हे. स्लिपवर २१४(बी) असेल तर मात्र तो नकारच. बहिणीच्या स्टेटसवर नऊ दिवस Refused होतं, दहाव्या दिवशी ‘Issued’. कुणाला नऊ दिवस लागतात, कुणाला महिने, आणि त्यात रोज हँडल किंवा बायो बदलत बसू नका, फॉर्ममध्ये दिलेलं हँडल सापडलं पाहिजे.

पासपोर्ट हातात आल्यावर लगेच सगळं प्रायव्हेट करायचं का, हा प्रश्न सगळे विचारतात. व्हिसा दिल्यावरही छाननी चालू राहते असं त्यांनीच सांगितलंय, आणि विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशनवाले फोन तपासू शकतात. तिने आत शिरेपर्यंत पब्लिक ठेवलं, डॅलसला पोचल्यावर फेसबुकचं लॉक परत लावलं, लिंक्डइन तसंच उघडं आहे. मेंदीच्या पेजवर आता सांगलीचाच पत्ता आहे, आणि बुकिंग तिची आई घेते.